मुलाखतीच्या आधीचा मेल

नोकरीसाठी अर्ज केला की आठ-पंधरा दिवसांनी एखादा मेल येतो. अमुक तारखेला, अमुक वाजता आपली ऑनलाइन मुलाखत ठरली आहे, कृपया उपस्थिती कळवावी. बरेच उमेदवार त्याला ‘ओके, थँक यू सर’ एवढंच उत्तर देतात. काहीजण तेवढंही देत नाहीत. मुलाखतीला बसायचंच आहे, मग वेगळं काय कळवायचं, असं त्यांना वाटतं. मी बरीच वर्षं भरतीच्या कामात होते, त्यामुळे या मेलची पलीकडची बाजू मला माहीत आहे.

मुलाखत घेणारी माणसं सहसा भरती विभागातली नसतात. लेखा विभागाचा प्रमुख, कारखान्यातला एखादा अधिकारी, कधी दुसऱ्या शहरातला वरिष्ठ, अशा दोन-तीन जणांचा एकाच वेळचा मोकळा अर्धा-पाऊण तास शोधायचा आणि त्यात उमेदवार बसवायचा, हे काम एचआरमधल्या एखाद्या मुलीकडे असतं. एका दिवसात चार-पाच मुलाखती लावायच्या असतात. आदल्या संध्याकाळपर्यंत ज्याचं उत्तर आलेलं नाही, तो येणार की नाही हे तिला ठाऊक नसतं. मग एक फोन होतो, आणि तो उचलला गेला नाही तर ती वेळ यादीतल्या पुढच्या माणसाला दिली जाते. पहिला उमेदवार दुसऱ्या दिवशी लिंक उघडून वाट बघत बसतो आणि त्याला कुणी आत घेत नाही.

म्हणून पहिली गोष्ट अशी की मेलचं उत्तर त्याच दिवशी जावं, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, आणि ‘येणार’ हे पहिल्याच वाक्यात असावं. वार, तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने पुन्हा लिहावी. ‘आपण कळवलेल्या वेळी हजर राहीन’ असं लिहिलं तर चूक पकडली जात नाही. पण तुम्ही ‘बुधवार, २१ जानेवारी, सकाळी ११’ असं लिहिलंत आणि समोरच्याच्या मनात २२ तारीख असेल, तर ती लगेच फोन करते. एचआरमधली माणसं जुना मेल उघडून त्यातली तारीख बदलून पाठवतात, आणि कधी तारीख बदलते पण वार तसाच राहतो. दोन्ही लिहिलं की घोळ उघडा पडतो.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेते. सांगलीत एका सीएच्या ऑफिसात तीन वर्षं काम करणाऱ्या, बी.कॉम. झालेल्या एका मुलीने पुण्याजवळच्या एका कंपनीत लेखा विभागातल्या जागेसाठी अर्ज केला होता. तिला मेल आला: मंगळवार, २० तारीख, सकाळी साडेअकरा, व्हिडिओ मुलाखत, ‘कागदपत्रांसह’ हजर राहावे. हिशेबाच्या कामात असलेल्यांना २० तारीख कळेल. दर महिन्याला जीएसटी भरणाऱ्यांचं ३बी हे विवरणपत्र त्या तारखेपर्यंत जावं लागतं, आणि सीएच्या ऑफिसात त्या दिवशी डोकं वर काढायला वेळ नसतो. तिने आधी हो म्हणून टाकायचं ठरवलं होतं, पुढचं पुढे बघू म्हणून. तसं केलं असतं तर १९ तारखेच्या रात्री तिला नकार कळवावा लागला असता, आणि आदल्या रात्रीचा नकार भरतीवाले फार दिवस लक्षात ठेवतात.

तिने त्याऐवजी दोन-तीन ओळींचा मेल लिहिला. मुलाखतीसाठी बोलावल्याबद्दल आभार. २० तारखेला जीएसटी विवरणपत्राची अखेरची मुदत असल्याने सकाळी वेळ काढणं कठीण आहे. त्याच दिवशी संध्याकाळी सहानंतर किंवा बुधवार, २१ ला दिवसभरात केव्हाही जमेल. इतकंच. पर्याय दोन दिले, कारण एच्या-बीच्या वेळा जुळवणारीला निवडायला काहीतरी लागतं. ‘आपल्याला सोयीचं असेल तेव्हा’ हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्याने तिचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कारणही एका वाक्यात आणि खरं होतं. लेखा विभागासाठी माणूस शोधणाऱ्यांना २० तारखेचं कारण तर उलट आवडलंच असेल. या मेलमध्ये तिने दुसरं काही विचारलं नाही, आणि तेही बरोबरच केलं. एका मेलमध्ये वेळही बदलून मागितली आणि चार प्रश्नही विचारले, तर उत्तर वेळेचं येतं आणि प्रश्न हवेत राहतात.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: २१ तारीख, सकाळी ११. सोबत कॅलेंडरचं आमंत्रण. त्यातलं Yes बटण दाबलं की होकार आमंत्रण पाठवणाऱ्याकडे जातो आणि मुलाखत तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये बसते. ते दाबावंच. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण आमंत्रण पाठवणारी व्यक्ती आणि तुमच्याशी मेलवर बोलणारी व्यक्ती पुष्कळदा वेगळ्या असतात. लेखी होकार जिच्याशी बोलणं चालू आहे तिला, त्याच मेलच्या धाग्यात, विषयाची ओळ न बदलता द्यायचा. ‘सीसी’मध्ये आणखी कुणी असेल तर सगळ्यांना उत्तर जाईल असं बघायचं. अर्ज एखाद्या प्लेसमेंट एजन्सीमार्फत केला असेल तर उत्तर एजन्सीच्या माणसालाच द्यावं. त्याला वगळून थेट कंपनीला लिहिलं की दोघंही गोंधळतात.

तिचा दुसरा मेल इंग्रजीत होता, साध्या छोट्या वाक्यांचा. मराठीत त्याचा आशय असा:

‘नमस्कार. बुधवार, २१ जानेवारी रोजी सकाळी ११ वाजताच्या (भारतीय वेळ) व्हिडिओ मुलाखतीला मी नक्की हजर राहीन. कॅलेंडरचं आमंत्रण स्वीकारलं आहे. तयारीसाठी तीन गोष्टी कळल्या तर बरं होईल. मुलाखत कुणाबरोबर आहे आणि तीत काही प्रत्यक्ष काम किंवा चाचणी असेल का? साधारण किती वेळ चालेल? कागदपत्रं आधी मेलने पाठवायची आहेत की मुलाखतीच्या वेळी दाखवायची आहेत, आणि कोणती? मधेच संपर्क तुटला तर माझा मोबाइल नंबर खाली दिला आहे. आपला एखादा नंबर कळवलात तर मीही फोन करू शकेन.’

या मेलला पूर्ण उत्तर आलं. त्याचं कारण त्यातले प्रश्न मोजके आहेत, आणि प्रत्येकाचं उत्तर समोरचीला कॅलेंडर बघून दोन मिनिटांत देता येतं. ‘मुलाखतीत काय विचारतील?’ हा प्रश्न यात नाही. तो एचआरला विचारून उपयोगही नसतो, कारण त्यांनाही ते ठाऊक नसतं. पगार, सुट्ट्या, पुण्यात राहायची सोय यांतलंही काही नाही. आणि जे आमंत्रणात आधीच लिहिलं होतं, ते तिने पुन्हा विचारलं नाही. मुलाखत कोणत्या ॲपवर आहे हे लिंकवरून दिसत होतं. आमंत्रण शेवटपर्यंत वाचलं नाही हे उघड करणारा प्रश्न हा या मेलमधला सर्वांत महागात पडणारा प्रश्न असतो.

या तीन प्रश्नांतला पहिला, म्हणजे मुलाखतीच्या स्वरूपाचा, सर्वांत जास्त उपयोगी पडतो. कारण ‘व्हिडिओ मुलाखत’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळे प्रकार चालतात. एचआरच्या एकाच व्यक्तीशी गप्पांसारखी प्राथमिक भेट असते, तीन-चार जणांचं पॅनेल असतं, स्क्रीन शेअर करून समोर काम करून दाखवायचं असतं. आणि एक प्रकार असा आहे की समोर माणूसच नसतो. स्क्रीनवर प्रश्न येतो, विचार करायला काही सेकंद मिळतात, मग कॅमेरा सुरू होतो आणि ठरलेल्या एक-दोन मिनिटांत उत्तर रेकॉर्ड करायचं. हा प्रकार ओळखायची खूण अशी की मेलमध्ये मुलाखतीची वेळ नसते, ‘या तारखेपर्यंत पूर्ण करा’ असं असतं. तिथे हजेरी कळवायची नसते, पण विचारण्यासारखं दुसरं असतं: सरावाचा प्रश्न मिळेल का, चुकलं तर पुन्हा रेकॉर्ड करता येतं का, आणि लिंक नेमकी कधी बंद होते. शेवटच्या रात्री साडेअकराला लिंक उघडून बसणाऱ्यांची गाडी बहुधा कॅमेऱ्याच्या परवानगीवरच अडते.

सांगलीच्या मुलीला आलेलं उत्तर असं होतं. पॅनेलवर दोघं, लेखा विभागाचे व्यवस्थापक आणि एचआर. वेळ पाऊण तास. त्यातली शेवटची दहा मिनिटं एक्सेलमधलं छोटं काम, स्क्रीन शेअर करून. कागदपत्रं आत्ता पाठवायची गरज नाही, फोटो असलेलं एक ओळखपत्र जवळ ठेवावं.

या चार ओळींनी तिची तयारी बदलून टाकली. ती मुलाखत फोनवरून देणार होती. लॅपटॉप तिच्याकडे नव्हता, ऑफिसात डेस्कटॉप होता. फोनच्या पडद्यावर एक्सेल चालवत स्क्रीन शेअर करणं म्हणजे स्वतःचीच फजिती. तिने मावसभावाचा लॅपटॉप दोन दिवस आधी आणला, त्यात टीम्स उघडून बघितलं, आणि तेव्हा लक्षात आलं की पडद्यावर नाव भावाचं दिसतंय. हे फार घरांत होतं. लॅपटॉप एकाचा, त्यातलं खातं दुसऱ्याचं, आणि पॅनेलला वाटतं भलताच कुणी दार ठोठावतोय. तिने नाव बदलून घेतलं. एक्सेलचं काम लेखा विभागाचं म्हणजे खरेदीची नोंदवही आणि जीएसटीचं २बी विवरण यांचा ताळमेळ किंवा तसंच काही असणार, असा अंदाज तिने बांधला आणि त्याचा सराव केला. स्क्रीन शेअर करायची म्हटल्यावर आणखी एक गोष्ट आली. पेन ड्राइव्हवर सरावासाठी आणलेल्या फायलींमध्ये तिच्या ऑफिसच्या अशिलांची खरी नावं आणि आकडे होते. नव्या कंपनीला जुन्या ऑफिसच्या अशिलांचे हिशेब दिसले असते तर काम कितीही सफाईने केलं असतं, तरी तिथेच संपलं असतं. तिने त्या काढून टाकल्या आणि मनाने बनवलेल्या आकड्यांवर सराव केला.

किती वेळ लागेल, या प्रश्नाचं उत्तर नुसतं घड्याळापुरतं नसतं. पंधरा-वीस मिनिटं सांगितली तर ती सहसा प्राथमिक चाळणी असते. तिथे सध्याचं काम, नोकरी सोडायचं कारण, नोटीस किती दिवसांची आणि पगाराची अपेक्षा एवढंच होतं, आणि उत्तरं छोटी लागतात. पाऊण तास किंवा तास म्हटलं की कामाच्या ज्ञानाची खोदाखोद होणार. सध्या नोकरीत असलेल्या माणसाला आणखी एका कारणासाठी हे कळायला हवं: अर्ध्या दिवसाची रजा टाकायची की जेवणाच्या सुट्टीत भागेल? छोट्या कंपन्यांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. झूमच्या फुकट खात्यावरची मीटिंग ४० मिनिटांनी बंद होते. मुलाखत पाऊण तासाची आणि मधेच सगळं गायब झालं, तर आपल्याला काढून टाकलं असं समजून लॅपटॉप मिटू नका. तीच लिंक पुन्हा उघडा आणि फोन हातात ठेवा. त्यासाठीच तो नंबर मागून ठेवायचा.

संपर्काचा नंबर गावाकडच्या उमेदवारांना तर हवाच. अनेक ठिकाणी महावितरणच्या दुरुस्तीचा आठवड्यातला एक वार ठरलेला असतो, आणि त्या दिवशी सकाळपासून दुपारपर्यंत वीज नसते. होकार लिहिण्याआधी तो वार बघून घ्यावा. वाय-फायचं यंत्र विजेवर चालतं, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी भरलेली असली तरी नेट जातं आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर यावं लागतं.

परदेशातल्या माणसाबरोबर मुलाखत असेल तर वेळेच्या ओळीत ‘भारतीय वेळ’ हे शब्द अक्षरी लिहावेत. IST ही तीन अक्षरं आयर्लंडची आणि इस्रायलची वेळ दाखवायलाही वापरतात. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं आणि उन्हाळ्यात साडेचार, कारण तिथली घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास सरकतात. तिथले सकाळचे दहा म्हणजे जानेवारीत आपले दुपारचे साडेतीन आणि जूनमध्ये अडीच. अमेरिकेतून आलेल्या मेलमध्ये ०७/०८ असं असेल तर ती ८ जुलै असते, ७ ऑगस्ट नव्हे. म्हणून महिना अक्षरी लिहिलेला बरा.

राहिला कागदपत्रांचा प्रश्न. ‘कागदपत्रांसह हजर राहावे’ हे वाक्य समोरासमोरच्या मुलाखतींच्या जुन्या मेलमधून तसंच उतरलेलं असतं, आणि लिहिणारीनेही त्याचा विचार केलेला नसतो. व्हिडिओवर त्याचे तीन अर्थ होऊ शकतात: आधी मेलने पाठवा, कॅमेऱ्यासमोर धरा, किंवा नुसती जवळ असू द्या. तिन्हींची तयारी निराळी आहे, म्हणून विचारावंच लागतं.

पाठवायची असतील तर सगळी एका पीडीएफमध्ये, फायलीच्या नावात स्वतःचं नाव. फोनने काढलेले दहा फोटो एकेक करून जोडले की पलीकडे ते सुटे सुटे होतात आणि पाठवणाऱ्याचं नाव कशावरच नसतं. जीमेलवर जोडपत्रांची मर्यादा २५ एमबी आहे. त्यापुढे गेलं की ड्राइव्हची लिंक जाते, आणि ती उघडायची परवानगी द्यायची राहून जाते. स्वतःच्या दुसऱ्या खात्यावरून, किंवा घरातल्या कुणाच्या फोनवर, ती लिंक आधी उघडून बघा. आधार पाठवायचं झालं तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून झाकलेल्या क्रमांकाची, म्हणजे पहिले आठ आकडे लपवलेली प्रत मिळते. ओळख पटवायला ती पुरते. मात्र त्या पीडीएफला पासवर्ड असतो, तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. तो मेलमध्ये कळवायला विसरलात तर फाइल न उघडताच पडून राहते.

कॅमेऱ्यासमोर धरायचं असेल तर दोन गमती होतात. स्वतःच्या खिडकीत कागदावरची अक्षरं उलटी दिसतात आणि उमेदवार घाबरून कागद फिरवायला लागतो. ती फक्त तुम्हाला उलटी दिसतात, समोरच्याला सरळ दिसतात. दुसरं म्हणजे पार्श्वभूमी पुसट करायची सोय चालू असली की हातातला कागदही पुसट होतो, कधी अर्धा गायबच होतो. ओळखपत्र दाखवायच्या आधी ती सोय बंद करावी. लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर दिव्याची तिरीप पडते, तेव्हा ते थोडं तिरकं धरावं.

कोणत्या टप्प्यावर काय मागितलं जातं हे माहीत असलेलं बरं. मुलाखतीच्या आधी बायोडेटा आणि ओळखपत्र मागणं रास्त आहे. काही ठिकाणी गुणपत्रिका किंवा अनुभवाचा दाखलाही मागतात. शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, आधीच्या कंपनीचं कार्यमुक्तीचं पत्र, पीएफचा यूएएन क्रमांक, बँक खात्याचा तपशील हे सगळं निवड ठरल्यावरचं आहे. पगाराची पावती बोलणी चालू असताना मागतात, तेही समजण्यासारखं आहे. पण मुलाखतीच्या आधीच रद्द केलेला चेक, ओटीपी, ‘नोंदणी शुल्क’ किंवा ‘लॅपटॉपची अनामत’ मागितली गेली तर ती मुलाखत नव्हेच. नाव मोठ्या कंपनीचं आणि मेल साध्या जीमेलवरून आलेला, हीसुद्धा थांबायची खूण आहे. कंपनीच्या संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे फोन करा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नको. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदतक्रमांकावर कळवा.

प्रश्न विचारूनही उत्तर येत नाही, असंही होतं. त्याचा अर्थ नाराजी नसतो, मेल वाचायचा राहिलेला असतो. आदल्या दिवशी दुपारनंतर एकदा फोन करावा, एकदाच. तरीही काही कळलं नाही तर सर्वांत जास्त लागेल ते धरून तयारी ठेवा: फोनऐवजी लॅपटॉप, पूर्ण एक तास, टेबलावर ओळखपत्र आणि शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका, आणि बायोडेटाची तीच प्रत जी तुम्ही अर्जाबरोबर पाठवली होती.